दहा वर्षांचा व्हिसा आणि सहा महिन्यांचा मुक्काम : पासपोर्टवरच्या तीन मुदती कशा वाचाव्यात

आमच्या जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर या पट्ट्यातून आता बरेच आईवडील मुलांकडे अमेरिकेला जातात. मुलगा न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये नोकरीला असतो, सुनेचे बाळंतपण असते किंवा नातवाचा पहिला वाढदिवस असतो, आणि त्या निमित्ताने साठी ओलांडलेले जोडपे आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसते. नात्यातल्या आणि ओळखीच्या अशा अनेकांचे फॉर्म भरण्यात, मुलाखतीची तयारी करून घेण्यात आणि तिकिटाच्या तारखा ठरवण्यात मी गेली काही वर्षे मदत करत आलो आहे. या सगळ्यात एकच गैरसमज मला पुन्हा पुन्हा भेटतो. व्हिसा हातात आला की घरातले कोणीतरी त्यावरची शेवटची तारीख वाचते आणि तीच तिथे राहण्याची मुदत आहे, असे सगळे धरून चालतात. माझ्या मामांचा व्हिसा आला तेव्हा शेजारचे एक बाबा अहिराणीत म्हणाले होते, “दहा वरीसना व्हिसा शे ना, मंग चिंता कसानी?” त्यांचा आनंद खरा होता, पण त्या दहा वर्षांचा तिथल्या मुक्कामाशी थेट संबंध नव्हता.

परदेश प्रवासात तीन वेगवेगळ्या मुदती चालू असतात. पहिली व्हिसाची मुदत, म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तुम्ही त्या देशाच्या दाराशी जाऊन आत येण्याची परवानगी मागू शकता. दुसरी मुक्कामाची मर्यादा, म्हणजे त्या प्रकारच्या व्हिसावर जास्तीत जास्त किती दिवस राहता येते. तिसरी म्हणजे प्रवेशाच्या वेळी खिडकीवरच्या अधिकाऱ्याने तुम्हाला, त्या एका फेरीसाठी, प्रत्यक्षात दिलेली तारीख. काही देशांत पहिली आणि दुसरी व्हिसाच्या एकाच चिकटपट्टीवर छापलेली असते, तर काही ठिकाणी दुसरी कुठेच छापलेली नसते आणि तिसरी तर कागदावरही नसते, ती संगणकातच असते. अमेरिकेचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे, कारण तिथे या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून खूप लांब असतात. म्हणून आधी तेच सविस्तर पाहू आणि नंतर युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाकडे वळू.

अमेरिकेचा व्हिसा : छापलेली तारीख नेमके काय सांगते

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासातून मुलाखत होऊन पासपोर्ट परत आला की त्याच्या एका पानावर फोटो असलेली व्हिसाची चिकटपट्टी दिसते. पाहुणे म्हणून जाणाऱ्यांच्या व्हिसावर बी-1/बी-2 असा प्रकार लिहिलेला असतो. त्यावर व्हिसा दिल्याची तारीख, संपण्याची तारीख आणि किती वेळा प्रवेश करता येईल हे असते. प्रवेशांच्या जागी एम हे अक्षर असेल तर व्हिसा चालू असेपर्यंत कितीही वेळा जाता येते. भारतीयांना हा व्हिसा साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो.

आता ही दहा वर्षे कशाची, हे नीट समजून घ्यावे. व्हिसा संपण्याची तारीख म्हणजे अमेरिकेच्या विमानतळावर उतरून आत येण्याची परवानगी मागण्याचा शेवटचा दिवस. त्या दिवशी उतरलात तरी व्हिसा चालतो, दुसऱ्या दिवशी उतरलात तर चालत नाही आणि मुंबईतली विमान कंपनी बहुधा तुम्हाला विमानातच बसू देणार नाही. पण एकदा तुम्ही रीतसर आत गेलात की त्या फेरीपुरते व्हिसाचे काम संपलेले असते. तुम्ही आत असताना व्हिसाची तारीख उलटून गेली तरी तुमचा मुक्काम बेकायदेशीर होत नाही, कारण मुक्काम वेगळ्या तारखेवर चालतो.

एक लहान गोष्ट इथेच सांगतो. पासपोर्टची दहा वर्षे आणि व्हिसाची दहा वर्षे सहसा एकत्र संपत नाहीत. जुना पासपोर्ट संपला तरी त्यातला अमेरिकेचा व्हिसा, तारीख शिल्लक असेल आणि पान फाटलेले किंवा खराब झालेले नसेल तर, चालू राहतो. अशा वेळी नवा आणि जुना असे दोन्ही पासपोर्ट सोबत न्यावे लागतात. जुना पासपोर्ट कपाटात ठेवून मुंबईला निघालेल्या एका काकांना नाशिकहून परत फिरावे लागले होते. म्हणून दोन्ही पासपोर्ट एकाच रबराने बांधून ठेवावेत, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

खिडकीवर काय घडते

विमान नेवार्क, शिकागो किंवा अन्य कुठल्या शहरात उतरले की सामान घेण्याआधी सीमा अधिकाऱ्याच्या खिडकीसमोर उभे राहावे लागते. तो बोटांचे ठसे आणि फोटो घेतो, कशासाठी आलात, कोणाकडे राहणार आणि किती दिवस राहणार असे विचारतो. तुम्हाला आत घ्यायचे की नाही आणि घेतले तर कोणत्या तारखेपर्यंत, हे तोच ठरवतो. व्हिसाने हा निर्णय आधीच झालेला नसतो.

बी-2 वर आलेल्या पाहुण्यांना तिथे साधारणपणे सहा महिने मिळतात. नियमाप्रमाणे एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष देता येते, पण प्रत्यक्षात सहा महिन्यांवरच सर्वांनी हिशोब करावा. तुम्ही परतीचे तिकीट दोन महिन्यांचे दाखवले तरी बहुतेक वेळा सहा महिन्यांचीच तारीख लागते. तरीही आपल्याकडून “किती दिवस?” याचे उत्तर तिकिटाशी जुळणारेच असावे. आपल्याकडच्या मंडळींची चूक इथेच होते. इंग्रजी फारसे येत नाही, प्रश्न अर्धवट समजतो, आणि मनात घोळत असलेला ‘दहा वर्षे’ हा शब्द तोंडून निघतो. ऐकणाऱ्याला हे पाहुणे दहा वर्षे राहायला आले आहेत असे वाटू शकते. म्हणून परतीची तारीख पाठ करावी, तिकिटाची छापील प्रत हातात धरावी आणि भाषा जमत नसेल तर नम्रपणे दुभाषा मागावा. दुभाषा मागण्यात कमीपणा काहीच नाही.

अधिकाऱ्याने दिलेली ही तारीख आय-94 नावाच्या नोंदीत जाते. 2013 पर्यंत विमानाने येणाऱ्यांना या नोंदीचा पांढरा कागद पासपोर्टमध्ये टाचून मिळत असे. त्या वर्षापासून विमानतळांवर ही नोंद संगणकात होऊ लागली आणि कागद बंद झाला. पूर्वी निदान पासपोर्टवरच्या शिक्क्यात पेनाने तारीख लिहिलेली दिसायची, आता कित्येक जणांना तो शिक्काही मिळत नाही. परिणामी पाहुणे घरी पोहोचतात, जेवतात, झोपतात, आणि आपल्याला कधीपर्यंत राहता येते ही एकच महत्त्वाची तारीख त्यांच्याकडे कुठेही लिहिलेली नसते.

आय-94 कशी काढावी

हे काम पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच करावे, आणि ते मुलाने किंवा सुनेने करावे, म्हणजे घरात दोघांना तरी तारीख माहीत राहते. त्यासाठी कसलीही फी नाही. अमेरिकी सरकारचे संकेतस्थळ पुढीलप्रमाणे आहे.

```
https://i94.cbp.dhs.gov
```

तिथे `Get Most Recent I-94` हा पर्याय निवडायचा आणि नाव, आडनाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि पासपोर्ट देणारा देश भरायचा. दोन पासपोर्ट असतील तर ज्या पासपोर्टवर प्रवास केला, म्हणजे नव्या पासपोर्टचा क्रमांक टाकायचा. पैसे घेऊन हीच नोंद काढून देणारी खासगी संकेतस्थळे शोधात वर दिसतात, त्यांची काहीही गरज नाही.

आपल्या मराठी नावांमुळे इथे अडचण येते. महाराष्ट्रातल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत असते आणि नावाच्या ओळीत स्वतःचे नाव व वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असे दोन शब्द असतात. फॉर्ममध्ये फक्त पहिलाच शब्द टाकला की नोंद सापडली नाही असा संदेश येतो आणि घरात घबराट होते. अशा वेळी नावाच्या रकान्यात पासपोर्टवरच्या ओळीप्रमाणे दोन्ही शब्द, मध्ये एक जागा सोडून, टाकून पाहावेत. जुन्या काही पासपोर्टवर आडनावाची ओळ रिकामीच असते. तिथे अमेरिकेच्या व्हिसावर पूर्ण नाव आडनावाच्या जागी आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू ही तीन अक्षरे छापलेली असतात. तसे असेल तर फॉर्मही व्हिसाप्रमाणेच भरावा.

नोंद उघडली की त्यात प्रवेशाची तारीख, प्रवेशाचा प्रकार आणि `Admit Until Date` ही ओळ दिसते. मुक्कामाचा शेवटचा दिवस तोच. पान छापून घ्यावे, आणि प्रकाराच्या जागी बी-2 आहे ना, नाव बरोबर आहे ना, हेही तपासावे. प्रत्येक माणसाची नोंद वेगळी काढावी. नवरा-बायको एकत्र आले, एकाच खिडकीवर उभे राहिले, म्हणून दोघांची तारीख एकच असेल असे अजिबात धरू नये. हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो, ते पुढच्या हकिकतीवरून कळेल.

मामा-मामींची फेरी, तारखांसह

माझे मामा-मामी अमळनेरचे. दोघांनाही व्हिसा 18 मे 2015 रोजी मिळाला होता आणि तो 16 मे 2025 रोजी संपणार होता. मधल्या काळात दोघांचेही पासपोर्ट बदलले होते. मामांचा नवा पासपोर्ट 2031 पर्यंत चालणारा होता, मामींचा 20 ऑगस्ट 2025 रोजी संपणार होता. दोघे 2 एप्रिल 2025 रोजी नेवार्कला उतरले. परतीचे तिकीट 10 सप्टेंबरचे होते.

मे महिना उजाडला तसा मामांना घोर लागला. व्हिसा 16 तारखेला संपतो, मग त्याआधी निघायला नको का, असे गावाकडून रोज कोणी ना कोणी फोनवर विचारत होते. मामेभावाने तिकीट अलीकडे आणण्याची चौकशीही केली, आणि तिकीट बदलण्याचा खर्च ऐकून मला फोन केला. मी विचारले, “आय-94 काढली का?” ती काढलेलीच नव्हती. त्याच रात्री त्याने दोघांची नोंद काढली. मामांच्या नोंदीत 1 ऑक्टोबर 2025 ही तारीख होती. म्हणजे 16 मे रोजी व्हिसा संपल्याने त्यांचे काहीही बिघडत नव्हते. ते व्हिसा चालू असताना आत गेले होते आणि त्यांचा मुक्काम ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसापर्यंत कायदेशीर होता.

मामींच्या नोंदीत मात्र 20 ऑगस्ट 2025 ही तारीख होती. अधिकाऱ्याने त्यांना सहा महिने न देता पासपोर्ट संपेपर्यंतच मुक्काम दिला होता. पासपोर्टची मुदत कमी असली की असे होऊ शकते. विमान एक, खिडकी एक, दोन मिनिटांचे अंतर, आणि तारखांमध्ये बेचाळीस दिवसांचा फरक. ज्या 16 मेची सगळ्यांना भीती होती तिला काहीच अर्थ नव्हता, आणि खरी धोक्याची जी तारीख होती ती कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. नोंद न पाहता तसेच राहिले असते तर 10 सप्टेंबरला निघताना मामींचा मुक्काम एकवीस दिवस जास्त झाला असता.

शेवटी दोघांचेही तिकीट 14 ऑगस्टवर आणले. ऑगस्टच्या वीस तारखेचेच तिकीट घ्यावे असा भावाचा विचार होता, पण तो मी मोडून काढला. विमान रात्री उशिराचे असेल आणि खराब हवामानामुळे ते दुसऱ्या दिवसावर गेले तर विनाकारण स्पष्टीकरण देत बसावे लागते. शेवटच्या तारखेच्या आधी निदान पाच-सहा दिवस मोकळे ठेवावेत, असे माझे मत आहे.

या प्रकारावरून निघण्याआधी करायचे एक काम कळते. पासपोर्ट संपायला वर्षाहून कमी अवधी राहिला असेल तर तो इथेच आधी नवा करून घ्यावा. व्हिसा जुन्या पासपोर्टात राहिला तरी चालतो, हे वर सांगितलेच आहे.

तारीख चुकली तर

आय-94 वरची तारीख ओलांडून एक दिवस जरी जास्त राहिले तरी ज्या व्हिसावर प्रवेश केला तो व्हिसा कायद्याने आपोआप रद्द होतो, मग त्यावर आठ वर्षे शिल्लक दिसत असली तरीही. चिकटपट्टी तशीच दिसते, तिच्यावर कोणी शिक्का मारत नाही, आणि म्हणून पुढच्या फेरीला विमानतळावर पोहोचेपर्यंत माणसाला याचा पत्ताही नसतो. नव्या व्हिसासाठी डीएस-160 फॉर्म भरताना, पूर्वी कधी दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त राहिला होतात का, असा थेट प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर खरेच द्यावे लागते. जास्तीचा मुक्काम 180 दिवसांच्या पुढे गेला आणि मग माणूस देश सोडून गेला तर तीन वर्षे पुन्हा प्रवेश बंद होतो. तो एक वर्ष किंवा त्याहून जास्त झाला तर दहा वर्षे.

तिथून निघताना आपल्याकडच्यासारखा बाहेर जाण्याचा शिक्का मारणारी खिडकी नसते, म्हणून कोणाला कळणार नाही असे काहींना वाटते. बाहेर पडणाऱ्या प्रवाशांची यादी विमान कंपनी सरकारला देते आणि तुमच्या बाहेर पडण्याची नोंद त्यावरून होते.

आजारपण किंवा बाळंतपणातली अडचण यामुळे खरोखरच जास्त राहण्याची वेळ आली तर आय-539 हा अर्ज करून मुदत वाढवून मागता येते. तो अर्ज तिथल्या नागरिकत्व आणि स्थलांतर सेवा विभागाकडे, आय-94 ची तारीख संपण्याआधी पोहोचलेला असला पाहिजे. तारखेच्या निदान 45 दिवस आधी तो करावा, असे तो विभागच सुचवतो. त्यात राहण्याचे कारण, खर्चाची सोय आणि परत जाण्याचा इरादा दाखवावा लागतो, आणि पासपोर्टही चालू असावा लागतो. अर्ज केला म्हणजे मुदत मिळालीच असे नाही. नुसते आणखी दोन महिने नातवासोबत राहावेसे वाटते म्हणून हा मार्ग धरू नये, असे माझे प्रामाणिक सांगणे आहे. त्यापेक्षा वेळेवर परत यावे आणि व्हिसा चालू असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा जावे.

नोंदीतच चूक असेल, म्हणजे नाव किंवा प्रकार चुकीचा पडला असेल, तर ती दुरुस्त करण्याचे काम सीमा विभागाच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात होते. अशी कार्यालये मोठ्या शहरांत आणि विमानतळांवर असतात. तिथे पासपोर्ट, आय-94 ची छापील प्रत आणि तिकीट घेऊन जावे लागते.

मुलांकडे गेलेली मंडळी नायगारा पाहायला जातातच आणि पलीकडे कॅनडाच्या बाजूने धबधबा जास्त छान दिसतो असेही त्यांना कोणीतरी सांगते. त्यासाठी कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. तो असला तरी दोन-चार दिवस तिकडे जाऊन आल्याने नवे सहा महिने मिळतील असे समजू नये. अशा छोट्या फेरीत सहसा जुनीच आय-94 चालू राहते. त्याचप्रमाणे सहा महिने राहून भारतात परत यायचे आणि महिन्याभरात पुन्हा सहा महिन्यांसाठी जायचे, असे कोणी केले तर मधे किती दिवस भारतात राहावे याचा आकडा कायद्यात नाही, पण अधिकाऱ्यासमोर आधीच्या सगळ्या फेऱ्या उघड्या असतात. तो कमी मुदत देऊ शकतो किंवा हे पाहुणे आहेत की राहायलाच आले आहेत, असा संशय घेऊन परतही पाठवू शकतो.

शेंगेन व्हिसा : मुदत लांब, दिवस मोजके

युरोपच्या शेंगेन व्हिसावर गोष्ट निराळी आहे. तिथे मुक्कामाचे दिवस चिकटपट्टीवरच छापलेले असतात, आणि तरीही लोक चुकतात, कारण तारखा मोठ्या दिसतात आणि दिवसांचा आकडा लहान. त्या चिकटपट्टीवर कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत, किती प्रवेश आणि मुक्काम किती दिवसांचा, अशा चार गोष्टी असतात. तारखा आपल्यासारख्याच दिवस, महिना, वर्ष या क्रमाने असतात. मुक्कामाच्या जागी ड्यूरेशन ऑफ स्टे असे लिहून पुढे दिवस दिलेले असतात.

समजा धुळ्याच्या एका जोडप्याच्या व्हिसावर 05-05-25 पासून 03-06-25 पर्यंत, प्रवेश 01, मुक्काम 15 दिवस असे आहे. तारखांमधला काळ तीस दिवसांचा दिसतो, पण त्यातले राहायचे दिवस पंधराच. उरलेले पंधरा दिवस प्रवासाची तारीख थोडी मागेपुढे झाली तर असावेत म्हणून नियमानेच दिलेली सवलत आहे, ते राहण्यासाठी नाहीत. हे जोडपे 8 मे रोजी फ्रँकफर्टला उतरले तर 8 मे हा पहिला दिवस आणि 22 मे हा पंधरावा, म्हणजे शेवटचा. त्या दिवशी त्यांनी बाहेर पडलेच पाहिजे, जरी व्हिसावर 3 जून ही तारीख अजून लांब दिसत असली तरी. उलट काही कारणाने ते उशिरा, 25 मे रोजी उतरले, तर पंधरा दिवस मिळणार नाहीत. 3 जूनला व्हिसाच संपतो, म्हणून त्यांना दहाच दिवस मिळतील. दिवसांचा आकडा आणि शेवटची तारीख यांपैकी जे आधी संपेल ते खरे, असे लक्षात ठेवावे.

मोजताना उतरण्याचा आणि निघण्याचा, असे दोन्ही दिवस पूर्ण धरतात. रात्री पावणेबाराला सीमेवर शिक्का बसला तरी तो एक अख्खा दिवस गेला. मुंबईहून कधी निघालात याला महत्त्व नाही, शेंगेन भागात पाऊल कधी टाकले ते पाहतात. सहलीच्या पत्रकात ‘चौदा रात्री पंधरा दिवस’ असे लिहिलेले असते त्यात मुंबईचा दिवस धरला आहे की नाही, हे सहल कंपनीला आवर्जून विचारावे.

प्रवेशांचा आकडा 01 असेल तर आणखी एक खबरदारी. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा असतो. आधी लंडन आणि मग पॅरिस, स्वित्झर्लंड असा क्रम असेल तर एक प्रवेश पुरतो. पॅरिस, मग लंडन आणि परत स्वित्झर्लंड असा क्रम असेल तर पॅरिस सोडताच तो एक प्रवेश वापरून संपलेला असतो, आणि परतीच्या वाटेवर सीमेवर अडवले जाते. हॉटेलचे आरक्षण करण्याआधी ही ओळ पाहावी.

पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांना एप्रिल 2024 मधल्या निर्णयानंतर दोन वर्षांचा आणि पुढे पाच वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. त्याही व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांच्या काळात 90 पेक्षा जास्त दिवस राहता येत नाही. ज्या दिवशी मोजाल त्या दिवसापासून मागे 180 दिवस जायचे आणि त्यातले युरोपात काढलेले सगळे दिवस बेरजेत घ्यायचे. ऑक्टोबर 2025 पासून तिथे शिक्क्यांच्या जागी ठसे आणि फोटोंसह संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. त्यामुळे दिवसांची मोजणी आता यंत्र करते, आणि अस्पष्ट शिक्क्याचा फायदा मिळेल अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत शेवटचा शब्द खिडकीवर दिलेल्या तारखेचा असतो, शेंगेनमध्ये छापील दिवसांचा. अन्य कोणत्या देशाला जाणार असाल तर व्हिसाच्या कागदावर आधी हेच शोधावे, की त्यातली तारीख ‘या दिवसापर्यंत प्रवेश करा’ असे सांगते की ‘या दिवसापर्यंत निघा’ असे. दुबईच्या पर्यटक व्हिसावर अमुक दिवसांच्या आत प्रवेश करायचा असतो आणि मुक्कामाचे दिवस उतरल्यापासून मोजतात. तिथे हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की दंड भरावा लागतो.

निघण्याआधी आणि परतल्यावर

मी आता प्रत्येकाच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये एक कोरे कार्ड ठेवतो. त्यावर मोठ्या देवनागरी अक्षरांत पासपोर्ट संपण्याची तारीख आणि व्हिसा संपण्याची तारीख लिहितो, आणि तिसरी ओळ रिकामी सोडतो. ती ओळ पोहोचल्यावर मुलाने आय-94 पाहून भरायची आणि तिचा फोटो मला पाठवायचा. महिना शब्दातच लिहितो, कारण अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, आणि 08/10 म्हणजे आठ ऑक्टोबर की दहा ऑगस्ट यावरून घरात वाद झालेला मी पाहिला आहे.

परत आल्यावर बोर्डिंग पास लगेच फेकून देऊ नयेत. त्याच संकेतस्थळावर `View Travel History` या पर्यायात आपले येणे आणि जाणे दिसते. जाण्याची नोंद तिथे आली आहे ना, हे काही दिवसांनी पाहावे. मामींच्या नोंदीत 14 ऑगस्ट दिसला तोपर्यंत त्यांचे बोर्डिंग पास अमळनेरच्या घरी देवघराखालच्या कप्प्यात जपून ठेवलेले होते. नोंद आली नसती तर ठरल्या वेळी निघाल्याचा पुरावा म्हणून तेच आणि मुंबईतल्या आगमनाचा शिक्का पुढच्या व्हिसाच्या मुलाखतीला न्यावे लागले असते.